गढूळ प्लाक: लॅम्डा फेज पेशीला कधी फोडतो आणि कधी सांभाळतो

ई. कोलाय या जिवाणूचा के-१२ हा स्ट्रेन १९२२ साली स्टॅनफर्डमध्ये एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केला गेला. पुढे तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला. वर्षानुवर्षे तो वाढवला गेला, त्याच्यावर नामांकित प्रयोग झाले, आणि या सगळ्या काळात त्याच्या गुणसूत्रात एक अख्खा विषाणू बसलेला आहे हे कुणाच्या गावीही नव्हते. एस्थर लेडरबर्ग यांनी के-१२ आणि त्याचाच अतिनील किरणे दिलेला एक वंशज एकत्र वाढवले, तेव्हा काही वसाहतींच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या. वंशजाने तो विषाणू गमावला होता, म्हणून मूळ स्ट्रेनमधून निसटणारे विषाणू त्याला मारत होते. १९५१ साली हा शोध जाहीर झाला आणि त्या विषाणूला लॅम्डा हे नाव मिळाले. जिवाणूंना लागण करणाऱ्या अशा विषाणूंना फेज म्हणतात.

बारावीच्या पुस्तकात लायटिक आणि लायसोजेनिक चक्रांची एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळे असतात. एकीत पेशी फुटते, दुसरीत फेज ‘सुप्तावस्थेत’ जातो. आकृती चूक नाही, पण ‘सुप्त’ हा शब्द दिशाभूल करतो. लायसोजेनी ही दर मिनिटाला नव्याने राखावी लागणारी अवस्था आहे. एक प्रथिन सतत तयार होत राहिले पाहिजे, नाहीतर तासाभरात पेशीचा शेवट ठरलेला. त्यामुळे दोन्ही चक्रांची तुलना फेजच्या बाजूने करण्यापेक्षा पेशीच्या बाजूने केली, तर गोष्ट जास्त उलगडते.

आधी टी-४ या दुसऱ्या फेजचा विचार करू, कारण तो फक्त लायटिक आहे आणि त्याचे वागणे उघड आहे. त्याचा डीएनए आत शिरला की काही मिनिटांतच पेशीच्या स्वतःच्या जनुकांचे काम बंद पडते. मग टी-४ ची एन्झाइम पेशीचा डीएनए तोडून त्याच्या सुट्या घटकांपासून स्वतःचा डीएनए बांधतात. स्वतःच्या डीएनएत त्याने सायटोसिनच्या जागी वेगळा, बदललेला सायटोसिन वापरलेला असतो, म्हणून त्याच्याच कात्रीने तो स्वतः कापला जात नाही. ३७ अंशाला साधारण २५ ते ३० मिनिटांत पेशी फुटते आणि शे-दोनशे फेज बाहेर पडतात. इथे पेशीला परतीची वाट नाही. गुणसूत्रच उरलेले नसते, तेव्हा जगायचे कशावर?

लॅम्डा लायटिक वाटेने गेला तरी इतका निष्ठुर नाही. तो पेशीचे गुणसूत्र तोडत नाही. यजमानाचे आरएनए पॉलिमरेज, रायबोसोम, डीएनएच्या प्रती काढणारी यंत्रणा, सगळे तो वापरतो, पण पाडून टाकत नाही. हे असे का, याचे उत्तर सरळ आहे: ज्या घरात राहायला यायचे कदाचित ठरेल, ते आल्याआल्या जाळून चालत नाही.

आता एका पेशीत काय घडते ते क्रमाने पाहू. लॅम्डाची शेपटी पेशीच्या बाहेरील पटलावरच्या लॅम्ब नावाच्या प्रथिनाला चिकटते. या प्रथिनाचे पेशीसाठीचे खरे काम माल्टोज ही शर्करा आत घेणे. म्हणून लॅम्डासाठी जिवाणू वाढवताना माध्यमात ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घालतात. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे त्याच माध्यमात ग्लुकोज ठेवणे. ग्लुकोज असला की पेशी माल्टोजची सोय करायच्या फंदात पडत नाही, लॅम्ब कमी बनते, फेज चिकटत नाही, आणि मग फेजचा साठा खराब झाला असा समज होतो.

डीएनए आत येतो तो ४८,५०२ बेस-जोड्यांचा सरळ धागा म्हणून. दोन्ही टोकांना १२ बेसचे एकेरी, एकमेकांना पूरक असे शेपटे असतात. आत येताच ती टोके जुळतात, पेशीचे लायगेज सांधा पक्का करते आणि धाग्याचे वर्तुळ होते. इथपर्यंत दोन्ही चक्रे एकच आहेत. पहिली काही मिनिटे फेजची सुरुवातीची जनुकेही दोन्हीत सारखीच चालू होतात.

फाटा फुटतो तो सीटू या प्रथिनाच्या प्रमाणावर. सीटू पुरेसे साठले तर ते तीन कामे करते: लायटिक जनुके बंद ठेवणाऱ्या रिप्रेसर या प्रथिनाचे जनुक चालू करते, डीएनए गुणसूत्रात घुसवणाऱ्या इंटिग्रेजचे जनुक चालू करते आणि लायटिक वाटेसाठी लागणाऱ्या क्यू या प्रथिनाला अडवणारा उलटा आरएनए बनवते. पण सीटू मुळात नाजूक. पेशीचे एफटीएसएच नावाचे प्रोटिएज त्याला काही मिनिटांतच खाऊन टाकते. फेजचेच सीथ्री हे प्रथिन त्या प्रोटिएजला दुसरीकडे गुंतवून ठेवते. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो: सीटू बनण्याचा वेग जास्त की तुटण्याचा?

दोन गोष्टी या तराजूला झुकवतात. एक, पेशीची पोटापाण्याची स्थिती. उपाशी पेशीत सीटू जास्त टिकते, म्हणून लायसोजेनी वाढते. दुसरी, एकाच पेशीत किती फेज एकदम शिरले. जितक्या जास्त प्रती, तितके सीटू आणि सीथ्री जास्त. फेजसाठी हे शहाणपणाचे आहे. आजूबाजूला पेशींपेक्षा फेज जास्त झाले असतील, तर शंभर नवी पिल्ले सोडून उपयोग काय? त्यांना शिरायला पेशीच उरलेल्या नसतील.

दुसरा मुद्दा आकड्यांत पाहिला तर पटतो. समजा फेजचा साठा एक कोटीपट सौम्य करून त्यातला ०.१ मिलीलीटर प्लेटवर घेतला आणि १२० प्लाक, म्हणजे फेजने जिवाणू मारून पाडलेले डाग, मोजले. म्हणजे मूळ साठ्यात दर मिलीलीटरला १,२०० कोटी फेज. आपल्याकडे १ मिलीलीटरमध्ये १० कोटी पेशी आहेत. दर पेशीमागे सरासरी पाच फेज हवे असतील तर ५० कोटी फेज लागतील, म्हणजे साठ्यातले ४२ मायक्रोलीटर. दर दहा पेशींमागे एक फेज हवा असेल तर १ कोटी पुरेत. ते थेट साठ्यातून घ्यायचे तर एक मायक्रोलीटरपेक्षाही कमी भरते, तेवढे पिपेटने धड मोजता येत नाही. म्हणून साठा आधी शंभरपट सौम्य करून ८३ मायक्रोलीटर घ्यायचे.

सरासरी पाच म्हणजे प्रत्येक पेशीला पाच नव्हेत. फेज पेशींवर योगायोगाने पडतात, म्हणून हिशेब पॉयसन वितरणाने करावा लागतो. सरासरी पाच असताना हजारातल्या सातएक पेशी कोऱ्या राहतात, ३४ जणींना एकच फेज मिळतो आणि सुमारे ९६० जणींना दोन किंवा जास्त. सरासरी ०.१ असताना हजारातल्या ९०५ कोऱ्या, ९० जणींना एक आणि दोन किंवा जास्त फेज फक्त चार-पाच जणींना. पहिल्या नळीत लायसोजेन, म्हणजे फेज गुणसूत्रात बाळगणाऱ्या पेशी, भरपूर मिळतात, दुसरीत लागण झालेल्या बहुतेक पेशी फुटतात. लायसोजेन बनवायला बसलेल्या माणसाने फेज मोजण्यात कंजूषी केली, तर हाती काही लागत नाही ते यामुळेच.

२०१० साली रंगीत चमकणाऱ्या फेजचा माग काढून केलेल्या कामातून यात एक गंमत पुढे आली. एकाच पेशीत शिरलेले फेज एकत्र बसून एक निर्णय घेत नाहीत, प्रत्येक जण आपापले मत बनवतो. सगळ्यांचे मत लायसोजेनीकडे झुकले तरच पेशी वाचते. एकाने जरी लायटिक वाट धरली तरी पेशी फुटायची.

लायटिक वाट धरली की पेशीचे काय होते? आधी वर्तुळाच्या काही प्रती निघतात, मग लांबच लांब, एकाला एक जोडलेल्या जनुकसंचांची माळ तयार होते. डोकी वेगळी बनतात, शेपट्या वेगळ्या. रिकाम्या डोक्यात ती माळ भरली जाते आणि ठरलेल्या जागी कापली जाते, ती पुन्हा तीच १२ बेसची एकेरी टोके ठेवून. बाहेरून पाहिले तर या सगळ्या काळात पेशी तंदुरुस्त दिसते. श्वसन चालू असते, पटलावरचा विद्युतभार शाबूत असतो, पेशी लांबीने थोडी वाढतेही.

पेशी आतून फेज ठासून भरल्यामुळे फुगून फुटते, असा सार्वत्रिक समज आहे. तसे होत नाही. फुटण्याची वेळ होलिन नावाचे एक छोटे प्रथिन ठरवते. ते आतल्या पटलात निमूटपणे साठत राहते आणि ठराविक क्षणी अचानक एकत्र येऊन प्रचंड मोठी भोके पाडते. तोपर्यंत पेशीच्या आत अडकलेले एंडोलायसिन त्या भोकांतून बाहेर पडून पेशीभित्तिकेचे जाळे तोडते, स्पॅनिन नावाची प्रथिने बाहेरचे पटल निकालात काढतात, आणि आतल्या दाबाने काही सेकंदांत पेशी फाटते. ३७ अंशाला लागण झाल्यापासून हे साधारण ४५ ते ५० मिनिटांनी घडते आणि शंभरेक फेज बाहेर येतात. पटलाचा विद्युतभार मुद्दाम काढून घेतला, उदाहरणार्थ सायनाइडने, तर होलिन वेळेआधीच भोके पाडते. म्हणजे हे घड्याळ फेजच्या संख्येवर नव्हे, पटलाच्या स्थितीवर चालते.

होलिनचे जनुक बिघडवले तर काय होते, हे बघण्यासारखे आहे. एंडोलायसिन बनते पण आतच अडकते. पेशी फुटायची वेळ टळून गेली तरी फेज बनवत राहते आणि आत कितीतरी जास्त फेज साठतात. मग कल्चरमध्ये क्लोरोफॉर्मचे काही थेंब टाकले की पटल सैल होते आणि सगळा माल एकदम बाहेर येतो. प्रयोगशाळेत लॅम्डाचे मोठे साठे करायला ही युक्ती वापरतात. निसर्गात मात्र फेजला इतका वेळ थांबणे परवडत नाही, कारण तेवढ्यात लवकर फुटणाऱ्यांची पुढची पिढी दुसऱ्या पेशींत शिरलेली असते.

आता दुसरी वाट. सीटू जिंकले की इंटिग्रेज आणि पेशीचेच आयएचएफ हे प्रथिन मिळून फेजचे वर्तुळ गुणसूत्रात एका ठराविक जागी घुसवतात. ही जागा गॅलॅक्टोज वापरण्याची जनुके आणि बायोटिन बनवण्याची जनुके यांच्या मधली. ई. कोलायच्या ४६ लाखांच्या गुणसूत्रात साडेअठ्ठेचाळीस हजारांची भर, म्हणजे जेमतेम एक टक्का. पेशी विभागते तेव्हा तीही प्रत निघते. वाढीचा वेग जवळजवळ तोच राहतो. के-१२ मध्ये लॅम्डा इतकी वर्षे कुणाला दिसला नाही, त्याचे कारण हेच.

पण ही शांतता फुकटची नाही. रिप्रेसर हे प्रथिन जोडीजोडीने डीएनएवरच्या ओआर-१, ओआर-२ आणि ओआर-३ या तीन लगतच्या जागांवर बसते. आधी पहिल्या जागेवर, आणि तिथे बसलेली जोडी दुसऱ्या जोडीला शेजारी ओढून घेते. या दोन जागा भरल्या की लायटिक जनुके बंद होतात आणि रिप्रेसरचे स्वतःचे जनुक चालू राहते. रिप्रेसर फार झाला तर तिसरी जागाही भरते आणि तो स्वतःचेच उत्पादन थांबवतो. पेशीत त्याचे साधारण दीड-दोनशे रेणू असतात. एवढ्या तुटपुंज्या संख्येवर पिढ्यान्‌पिढ्या कारभार चालतो.

याचा पेशीला एक फायदाही होतो. बाहेरून नवा लॅम्डा आला तरी त्याचा डीएनए आत शिरताच तोच रिप्रेसर त्याच्यावर बसतो आणि तो गप्प पडतो. लायसोजेन लॅम्डाला दाद देत नाही. मात्र ही प्रतिकारशक्ती फक्त त्याच रिप्रेसरला ओळखणाऱ्या फेजविरुद्ध असते. टी-४ आला तर लायसोजेनही तसाच मरतो.

दोन्ही चक्रे एकाच जागी नुसत्या डोळ्यांनी पाहायची असतील, तर लॅम्डाचा प्लाक पाहावा. साडेतीन मिलीलीटर पातळ, सुमारे ०.७ टक्क्यांचा अगर ४५ ते ४८ अंशांवर वितळलेला ठेवायचा, त्यात जिवाणू आणि फेज घालून प्लेटवर ओतायचे आणि रात्रभर ३७ अंशाला ठेवायचे. अगर ५० अंशांवर गेला असेल तर जिवाणू भाजतात आणि प्लेटवर वाढणारी त्यांची हिरवळ विरळ येते, थंड झालेला असेल तर गुठळ्या होतात. सकाळी जिवाणूंच्या हिरवळीत गोल डाग दिसतात. टी-४ चे डाग काचेसारखे स्वच्छ. लॅम्डाच्या डागाची कडा स्वच्छ, पण मधोमध गढूळ. सुरुवातीला पेशी भरपूर आणि खातेपिते असतात, म्हणून डाग फुटण्यानेच पसरतो. पुढे मध्यभागी फेज फार आणि पेशी थोड्या अशी स्थिती येते, एकेका पेशीत अनेक फेज शिरतात, लायसोजेन तयार होतात. त्यांना आजूबाजूच्या फेजची भीती नसते, म्हणून ते तिथेच वाढतात आणि डाग गढुळतो. अधूनमधून एखादा पूर्ण स्वच्छ डाग सापडतो. त्यातल्या फेजचे रिप्रेसरचे किंवा सीटू, सीथ्रीचे जनुक बिघडलेले असते. डेल कायझर यांनी १९५७ साली अशाच स्वच्छ डागांच्या अभ्यासातून ही तीन जनुके वेगळी केली.

गढूळ मध्यातून सुईने उचललेला जिवाणू लायसोजेनच असेल असे मात्र नाही. लॅम्ब बिघडलेला उत्परिवर्तितही तिथे वाचतो, कारण त्याला फेज चिकटतच नाही. दोघेही लॅम्डाला दाद देत नाहीत, मग ओळखायचे कसे? शुद्ध केलेली वसाहत घेऊन प्लेटवर दोन फेजच्या रेषांवरून आडवी ओढायची. एक रेष रिप्रेसर नसलेल्या स्वच्छ-डागी लॅम्डाची, दुसरी विरुलंट लॅम्डाची, ज्याच्या डीएनएवर रिप्रेसरला नीट बसताच येत नाही. लायसोजेन पहिली रेष सुखरूप ओलांडतो आणि दुसरीपाशी मरतो. लॅम्ब नसलेला दोन्ही ओलांडतो. साधा, लागण न झालेला दोन्हीकडे मरतो. जोडीला अतिनील किरणांची परीक्षा घेतली की शंका उरत नाही.

ही परीक्षा लायसोजेनीचा पाया कुठे ठिसूळ आहे तेही दाखवते. पॅरिसमध्ये आंद्रे ल्वॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली बॅसिलस मेगाटेरियमच्या लायसोजेनवर अतिनील किरणे सोडली. थोड्या वेळाने जवळजवळ सगळ्या पेशी एकदम फुटल्या. लॅम्डातही तेच घडते, आणि आता त्याची कडी माहीत आहे. डीएनएला इजा झाली की एकेरी धागे उघडे पडतात, त्यांच्यावर पेशीचे रेक-ए प्रथिन गुंडाळले जाते. हे रेक-ए पेशीच्या दुरुस्तीच्या यंत्रणेला जागे करण्यासाठी असते, पण लॅम्डाचा रिप्रेसर त्याला भेटला की स्वतःच मधून तुटतो, एका ठराविक बंधापाशी. तुटलेले तुकडे जोडी धरत नाहीत, डीएनए सोडतात. जागा मोकळी होते, क्रो हे प्रथिन बनते आणि तिसऱ्या जागेवर बसून रिप्रेसरचे उत्पादनच बंद पाडते. इंटिग्रेज आणि फेजचेच एक्सिस हे प्रथिन यांच्यामुळे फेज गुणसूत्रातून सुटतो आणि पुढे तेच लायटिक वेळापत्रक. फेजने यजमानाच्या आपत्कालीन घंटेलाच आपली तार जोडून ठेवली आहे.

हे करताना लोक अडतात ते बारीकसारीक कारणांनी. लायसोजेन दर मिलीलीटरला सुमारे २० कोटींपर्यंत वाढवून, सेंट्रिफ्यूज करून, १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये घ्यावेत. एलबी माध्यमातच किरणे दिली तर माध्यमच अतिनील शोषून घेते. पेट्री डिशमध्ये थर पातळ हवा आणि झाकण उघडे, कारण साध्या काचेतून आणि पॉलिस्टायरीनमधून हे किरण जात नाहीत. नंतर ताजे एलबी घालून अंधारात हलवत वाढवावे. उजेडात ठेवले तर पेशीचे फोटोलायेज प्रकाश वापरून इजा दुरुस्त करते आणि प्रयोग फसतो. कल्चरचा गढूळपणा आधी थोडा वाढतो, मग तासा-दीड तासात झपाट्याने उतरतो. तो उतरलाच नाही, तर स्ट्रेन तपासा. डीएच-५-अल्फासारख्या क्लोनिंगच्या स्ट्रेनमध्ये रेक-ए बिघडवलेले असते. त्यात लॅम्डा बसवला तर किरणांनी तो हलत नाही. अशा वेळी तापमानाला नाजूक रिप्रेसर असलेल्या सीआय-८५७ या लॅम्डाचा लायसोजेन बरा: ३० अंशाला वाढवायचा, ४२ अंशाला १५ मिनिटे ठेवला की रिप्रेसर कोसळतो, मग ३७-३८ अंशाला फुटेपर्यंत हलवत ठेवायचा.

किरणे न देताही दर पिढीत थोड्या पेशींमध्ये ही घंटा आपसूक वाजते आणि त्या फुटतात. म्हणून लायसोजेनच्या रात्रभराच्या कल्चरमध्ये फेज नेहमीच सापडतो. एस्थर लेडरबर्ग यांना दिसलेल्या कुरतडलेल्या कडा याच निसटलेल्या फेजच्या होत्या.

प्रयोगशाळेबाहेर या यंत्रणेची सगळ्यात महागडी बाजू ई. कोलाय ओ-१५७:एच-७ मध्ये दिसते. १९८२ साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे रक्ती जुलाबाची साथ आली, तेव्हा हा जिवाणू पहिल्यांदा प्रकाशात आला. याचे शिगा विष जिवाणूच्या स्वतःच्या जनुकांतून येत नाही, लॅम्डाच्या जातकुळीतल्या एका प्रोफेजमधून, म्हणजे गुणसूत्रात बसलेल्या फेजमधून येते. विषाचे जनुक बसले आहे ते क्यू च्या लगेच पुढे, म्हणजे लायटिक वाटेच्या उशिरा चालू होणाऱ्या भागात. प्रोफेज शांत असताना विष फारसे बनत नाही. तो जागा झाला की फेजच्या डोक्या-शेपट्यांबरोबर विषही भरमसाट बनते, आणि पेशीबाहेर पडण्यासाठी त्याला स्वतंत्र वाट लागत नाही, कारण होलिन आणि एंडोलायसिन पेशीच फोडतात. सुटलेले फेज आतड्यातल्या इतर निरुपद्रवी ई. कोलायमध्ये शिरले तर तेही विष बनवू लागतात.

आता सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक या रुग्णाला दिले तर काय होईल, याचा हिशेब वाचकाला जमेल. हे औषध जिवाणूच्या डीएनए हाताळणाऱ्या एन्झाइमवर काम करते, डीएनएला इजा होते, रेक-ए जागे होते, रिप्रेसर तुटतो. जिवाणू मरतात खरे, पण मरताना विष ओतून मरतात. हे विष रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोचते, आणि मुलांमध्ये रक्तपेशी फुटून मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका त्यातूनच येतो. म्हणून अशा रक्ती जुलाबात डॉक्टर बहुधा प्रतिजैविक टाळतात, शरीरातले पाणी-क्षार सांभाळतात, आणि लघवीचे प्रमाण, क्रिएटिनिन आणि प्लेटलेट यांवर पुढचे काही दिवस लक्ष ठेवतात.